वेबिनारचं टिपण करायला बसण्याआधी

पुढच्या वेबिनारचं टिपण जो कुणी करेल, त्याच्यासाठी हे लिहून ठेवते आहे. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीने एका रविवारी सकाळी अकराला, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत या विषयावर झूमवर वेबिनार ठेवला होता. वक्त्या बाई उत्तम बोलल्या, चॅटमध्येही धो धो मजकूर आला आणि टिपण मी केलं: एका रकान्यात बाईंची शिकवण, दुसऱ्यात श्रोत्यांचे प्रश्न. त्या टिपणात ‘शिजवलेलं अन्न टाकल्यास वरून चुना भुरभुरावा’ असं एक वाक्य होतं. चुना टाकला की ढिगातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो आणि वास नाकात भरतो. दोन घरांत तसंच झालं आणि लोक बाईंना बोलले. बाई मात्र चुन्याबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या. ते वाक्य चॅटमधल्या एका श्रोत्याचं होतं आणि शिकवणीच्या रकान्यात ते मीच बसवलं होतं. म्हणून दुसऱ्यांदा सगळं उलगडून बसले. त्यात जे हाती लागलं ते हे.

पहिली तयारी रेकॉर्डिंगचं बटण दाबायच्या क्षणी करायची असते. मोबाइलवरचं घड्याळ बघून ती वेळ सेकंदांसकट कागदावर लिहा. नंतर आठवत नाही. चॅट संगणकावर सेव्ह केली तर तिच्यात घड्याळाची वेळ येते, आणि भाषणाच्या प्रतीत, म्हणजे .vtt फाइलमध्ये, रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासूनची वेळ येते. एकाच क्षणाला एकीकडे 11:34:52, दुसरीकडे 00:28:12. ही वेळ लिहिलेली नसली की दोन्हींची सांगड घालायला बराच खटाटोप करावा लागतो. क्लाउड रेकॉर्डिंगसोबतही चॅटची फाइल मिळते, आणि तिच्यातली वेळ रेकॉर्डिंगशी जुळलेली असते. पण बटण दाबण्याआधी आलेला मजकूर तिच्यात नसतो, म्हणून मी दोन्ही ठेवते. चॅट आपोआप सेव्ह होण्याची सेटिंग चालू नसेल, तर वेबिनार संपवण्याआधी ती हाताने सेव्ह करायची. सगळे ‘धन्यवाद’ म्हणत असतात तेव्हा हेच राहून जातं. श्रोत्यांसाठी Q&A ची खिडकी उघडी ठेवली असेल तर तिथले प्रश्न चॅटमध्ये येत नाहीत. त्यांचा अहवाल होस्टच्या खात्यातून वेगळा उतरवून घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: कुणाकुणाचा मजकूर टिपणात येऊच द्यायचा नाही. श्रोत्यांचं म्हणणं कधी to Everyone असतं, तर कधी फक्त to Hosts and panelists. होस्टच्या फाइलमध्ये दोन्ही येतात. ‘शेजारच्या फ्लॅटची बादली वास मारते’ असं कुणी खासगीत लिहिलं असेल तर ते खासगीच राहायला हवं. नावं आणि मोबाइल नंबर मी पहिल्याच बैठकीत पुसते. प्रश्नाला मालकाचं नाव लागत नाही.

आता वेळ जुळवण्याबद्दल. माझ्याकडे ती कागदावरची वेळ नव्हती, त्यामुळे खूण शोधावी लागली. प्रत्येक वेबिनारच्या सुरुवातीला वक्ता ‘आवाज येतोय का?’ विचारतो आणि चॅटमध्ये ‘हो, येतोय’चा पाऊस पडतो. भाषणाच्या प्रतीत ते वाक्य 00:00:31 ला होतं आणि चॅटमधलं पहिलं ‘हो’ 11:07:19 ला. टाइप करून पाठवायला आठेक सेकंद धरले तर वाक्य 11:07:11 ला उच्चारलं गेलं, म्हणजे रेकॉर्डिंग 11:06:40 ला सुरू झालं. चारदोन सेकंदांनी इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही.

एवढ्यावर समाधान मानू नका, अशीच खूण शेवटाकडेही तपासा. बाईंचं ‘सगळ्यांचे आभार’ 01:14:05 ला होतं, तेव्हा चॅटमधला पहिला ‘धन्यवाद’ 12:20:45 नंतर काही सेकंदांत यायला हवा होता. तो आला 12:24:57 ला. ते आठ सेकंद वजा केले तरी चार मिनिटं चार सेकंद उरतात. मधे कुठेतरी रेकॉर्डिंग थांबवलं होतं! चॅट वर सरकवत गेले तर 11:41 च्या सुमाराला ‘स्क्रीन दिसत नाहीये’ अशा ओळी सापडल्या. स्लाइड अडकल्या होत्या आणि आमच्या सेक्रेटरींनी रेकॉर्डिंग तात्पुरतं थांबवलं होतं. भाषणाच्या प्रतीत ही फट दिसत नाही, कारण तिथे घड्याळही तेवढा वेळ थांबलेलं असतं. त्यामुळे थांबण्याआधीच्या ओळींना पहिलं सूत्र आणि नंतरच्या ओळींना दुसरं, असं मी शीटमध्ये केलं. A रकान्यात चॅटची वेळ आहे.

```
=A2-TIME(11,6,40)
=A2-TIME(11,10,44)
```

उत्तराच्या रकान्याचं स्वरूप Duration करायचं. मधल्या चार मिनिटांतल्या ओळींना भाषणातली जागाच नाही. त्या वेगळ्या ठेवायच्या, कुठल्यातरी वाक्याला चिकटवायच्या नाहीत.

वेळ जुळली की लोकांना वाटतं दोन्ही याद्या वेळेच्या क्रमाने लावल्या की काम झालं. माझी खरी फजिती इथूनच झाली. माणूस ऐकतो, विचार करतो, मग मोबाइलवर एका बोटाने मराठी टाइप करतो. तोवर वक्ता पुढे गेलेला असतो. चॅटमध्ये 11:34:52 ला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या 00:28:12 ला, एक ओळ होती: ‘आमच्याकडे हिरवी येते’. त्या क्षणी बाई अळ्यांबद्दल बोलत होत्या. वेळेवर विश्वास ठेवला असता तर टिपणात हिरवी अळी जन्माला आली असती. पन्नासेक सेकंद मागे गेले तर 00:27:21 ला बाई म्हणाल्या होत्या, ‘पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कुजवायचंच काम करते.’ म्हणजे हिरवी बुरशी! म्हणून प्रत्येक ओळीसाठी भाषणातलं मागचं दीड मिनिट वाचायचं, आणि ओळ कुठल्या शब्दावर बोलतेय ते शोधायचं. न सापडल्यास ‘संदर्भ लागत नाही’ असं लिहायचं. लांबलेल्या प्रश्नांना दीड मिनिटही पुरत नाही, तिथे विषयावरूनच ओळखावं लागतं.

या एका ओळीत दुसरीही अडचण आहे. तिच्यात प्रश्नचिन्ह नाही, तरी तो प्रश्नच आहे, कारण लिहिणाऱ्याला बाईंना विचारायचंय ते असं की हिरवी असली तरी चालेल का. उलट बाईंच्या भाषणात प्रश्नचिन्हं ढीगभर आहेत आणि त्यातली बरीचशी शिकवणच आहे. ‘नुसता ओला कचरा टाकत राहिलात तर काय होईल? पाणी सुटेल, हवा जाणार नाही, वास येईल.’ इथे पहिलं वाक्य प्रश्नांच्या यादीत गेलं तर शिकवण अर्धी होते. म्हणून प्रश्नचिन्ह शोधून गाळणी लावायची कल्पना मी सोडून दिली. मी एवढंच बघते की बोलणाऱ्याला उत्तर हवंय का, की तोच ते देणार आहे. चॅटमध्ये ‘kiti divas lagtat’ असं रोमन लिपीत लिहिणारेही असतात, त्यांच्या ओळी सुरुवातीलाच देवनागरीत करून घ्या. नाहीतर शोधताना त्या निसटतात.

तिसरा सापळा म्हणजे वक्त्याने मोठ्याने वाचलेला प्रश्न. 00:52:10 ला बाईंच्या तोंडी वाक्य आहे: ‘बादलीखालून पाणी गळतंय, बाल्कनी खराब होतेय.’ प्रत वाचणाऱ्याला वाटेल की बाई स्वतःच्या घरचं सांगतायत. हा प्रश्न चॅटमध्ये 11:58:20 ला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या 00:47:36 ला आलेला होता, आणि Q&A मध्येही त्याच माणसाने टाकला होता. तीन ठिकाणी असला तरी टिपणात तो एकदाच जातो. त्याच्यापुढे ‘विचारला 47:36, उत्तर 52:10’ असं लिहिलं की पुन्हा ऐकणाऱ्याला जागा सापडते. उत्तर होतं की जेवढा ओला कचरा तेवढाच सुका पाला टाका आणि खाली गळणारं पाणी साठवून, भरपूर पातळ करून झाडांना घाला. हे उत्तर शिकवणीतही जातं, कारण बाईंनीच ते दिलंय.

आणि तो चुना. चॅटमध्ये कुणीतरी ‘शिजवलेलं अन्न टाकलं तर चालतं का’ विचारलं, दुसऱ्या श्रोत्याने लगेच ‘चालतं, वरून चुना टाका’ असं ठोकून दिलं. असं उत्तर प्रश्नातही बसत नाही आणि शिकवणीतही. त्याच्यासाठी मी आता तिसरा रकाना ठेवते, ‘श्रोत्यांनी सांगितलेलं’. वक्त्याने दुजोरा दिला तर तसं नोंदवते, नाहीतर नुसतं तिथे पडून राहू देते. काही अनुभव त्यात खरोखर छान असतात. एका काकूंनी नारळाच्या शेंड्या बारीक करून बादलीच्या तळाशी टाकल्याचं लिहिलं होतं.

भाषणाची प्रत यंत्राने केली असेल तर नकारावर पहारा ठेवा. ‘टाकू नका’चं ‘टाका’ व्हायला मधली दोन अक्षरं गळाली तरी पुरतं. माझ्या प्रतीत ‘तेलकट भाजी जास्त टाका’ असं आलेलं होतं, जागेवर जाऊन ऐकल्यावर ‘नका’ ऐकू आलं. करा-करू नका असं ज्या वाक्यात आहे, ते प्रत्येक वाक्य ऐकल्याशिवाय मी शिकवणीत घालत नाही. एकूण एकोणीस निघाली, वीस मिनिटांत ऐकून झाली. बाकी ‘सुका’चं ‘सुखा’ वगैरे मी वाचता वाचता दुरुस्त करते, त्यासाठी ऐकायची गरज पडत नाही.

अनुत्तरित प्रश्न टाळू नका. ‘मिळकतकरात सवलत मिळते का’ याला बाईंनी ‘मला नक्की माहीत नाही, वॉर्ड ऑफिसला विचारा’ असं उत्तर दिलं. ते तसंच लिहा. महापालिकेचा नियम कुठून तरी शोधून बाईंच्या नावावर घालू नका, उत्तर बरोबर असलं तरी.

शेवटी टिपण वक्त्याकडे पाठवायचं, पण अख्खं नाही. मी बाईंना फक्त अनुत्तरित प्रश्न आणि मी अंदाजाने प्रश्न ठरवलेल्या ओळी पाठवल्या, हिरव्या बुरशीसकट. त्यांचा निरोप संध्याकाळी आला: ‘हिरवीही चालते, फक्त ढवळताना नाक-तोंड झाकून घ्या.’ ते टिपणात घातलं, पण शिकवणीत नाही. प्रश्नाखाली, ‘वेबिनारनंतर कळवलेलं’ असं लिहून आणि तारीख टाकून.