भाच्या, प्रोव्हिजन चढायच्या आधी

तू पहिल्यांदाच जहाजावर चीफ कुक म्हणून चढतोयस, म्हणून लातूरला सुट्टीवर बसल्या बसल्या हे लिहून ठेवतोय. आधी हिशेब. माणसं 22, प्रवास 40 दिवसांचा, वर 10 दिवस राखीव, कारण बंदराबाहेर नांगर टाकून ताटकळावं लागतंच. 22 गुणिले 50, म्हणजे 1100 माणूस-दिवस. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिही. माणशी रोज 200 ग्रॅम कणीक धरली तर 220 किलो, कांदा 100 ग्रॅमनं 110 किलो. लग्नाच्या पंगतीचा आचारीही असाच अंदाज बांधतो, पण त्याला कमी पडलं तर मोंढा जवळ असतो.

माल यायच्या आदल्या दिवशी कोल्ड रूम धुऊन कोरड्या कर. बाष्पकाच्या नळ्यांवर बर्फाचा थर असला तर डीफ्रॉस्ट करून घे. थर वाढला की थंडावा मालापर्यंत पोहोचत नाही. मीट आणि फिश रूम उणे 18 वर, भाजीची रूम साधारण 4 वर आली का ते काट्यावर बघ. आतून दार उघडणारा खटका आणि अलार्मची घंटाही स्वतः वाजवून बघ.

माल घेताना घाई नको. जहाजाची फ्रीझर रूम गोठलेला माल गोठलेला ठेवते. मऊ पडलेले खोके गोठवायची ताकद तिच्यात नसते. दोन खोक्यांच्या मधे थर्मामीटर सरकव. उणे 15 पेक्षा वर दाखवलं तर माल परत. एकदा जहाज सुटायच्या गडबडीत मी कोळंबी तशीच घेतली. दाणे सुटे नव्हते, अख्खा ढेकूळ होता, खोक्याच्या तळाला लालसर बर्फ. वितळून पुन्हा गोठल्याची ही खूण मला कळत होती, तरी सही केली. बाराव्या दिवशी सगळी फेकली.

माळवं रचताना सफरचंद पालेभाजीपासून लांब ठेव, नाहीतर पालक चार दिवसांत पिवळा पडतो. कांदा-बटाटा एकत्र ठेवू नको, हे तुझ्या आज्जीलाही ठाऊक आहे. खोकी जाळीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून. पहिल्या आठवड्यात पालेभाजी आणि टोमॅटो संपव. कोबी, गाजर, भोपळा शेवटाला.

गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, दोनच गोष्टींवर नजर ठेव. गोठलेलं मटण आदल्या रात्री 4 अंशांच्या रूममध्ये, खालच्या फळीवर, ताटात वितळायला ठेव. ओट्यावर कधीच नाही. आणि उरलेला भात खोल पातेल्यात ठेवू नको, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि शिजून उरलेले जंतू तिथं वाढतात. उथळ ट्रेमध्ये पसर, दोन तासांत फ्रीजमध्ये घाल.

तापमानाची वही दिवसातून दोनदा लिही. एमएलसी 2006 या खलाशांच्या कामाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे अन्नाची आणि गॅलीची तपासणी ठरावीक काळानं होऊन नोंद व्हावी लागते, आणि कॅप्टन आला की आधी तुझी वहीच मागतो.