इम्प्रेशन, सीटीआर आणि व्ह्यूज: यूट्यूबच्या रीच रिपोर्टचा हिशोब कसा जुळवायचा

समजा, जालन्याच्या एका शेती चॅनेलने मोसंबीच्या फळगळीवर आठ मिनिटांचा व्हिडिओ टाकला. सात दिवसांनी रिपोर्ट उघडला तर इम्प्रेशन 12,000, सीटीआर 4.5 टक्के आणि व्ह्यूज 1,400. बारा हजाराचे साडेचार टक्के होतात 540. मग वरचे 860 व्ह्यूज आले कुठून? रिपोर्ट चुकलेला नाही. हे तीन आकडे एकाच गोष्टीची मोजणी करत नाहीत, एवढंच.

आधी आकडे जिथे आहेत तिथे जाऊ. संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडा, डावीकडे `Content` मधून तो व्हिडिओ निवडा, मग `Analytics` आणि वरच्या पट्टीतलं `Reach`. उजवीकडे वर तारखेचा कालावधी निवडता येतो. तो पहिल्या सात दिवसांचा ठेवा. व्हिडिओ टाकल्यापासूनचा सगळा काळ घेतला तर पुढची तुलना करता येणार नाही.

इम्प्रेशन म्हणजे यूट्यूबवर तुमचं थंबनेल कुणाच्या तरी नजरेसमोर येणं. त्यालाही अट आहे: थंबनेलचा निम्मा तरी भाग स्क्रीनवर दिसला पाहिजे आणि तो एका सेकंदापेक्षा जास्त वेळ राहिला पाहिजे. भराभर वर सरकवत गेलेल्याच्या फोनवर ते चमकून गेलं, तर मोजणीत येत नाही. उलट, एकाच शेतकऱ्याला होमवर तीनदा दिसलं तर तीन इम्प्रेशन होतात. म्हणून बारा हजार इम्प्रेशन म्हणजे बारा हजार माणसं नव्हेत.

सीटीआर म्हणजे या मोजलेल्या इम्प्रेशनपैकी किती वेळा व्हिडिओ पाहिला गेला, त्याची टक्केवारी. बाहेरून आलेल्या व्ह्यूजचा तिच्याशी संबंध नाही.

व्ह्यूजमध्ये मात्र सगळं येतं. बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली लिंक, मोबाइलवर आलेलं नोटिफिकेशन, आधीच्या व्हिडिओच्या शेवटी दिसणारी एंड स्क्रीन, या कुठल्याच जागेचं इम्प्रेशन मोजलं जात नाही, पण तिथून आलेला व्ह्यू मोजला जातो. फरक इथेच पडतो.

तो तपासायला `Advanced mode` उघडा आणि `Traffic source` निवडा. आपल्या उदाहरणात `External` समोर 610 दिसले (त्यात व्हॉट्सॲपचा वाटा मोठा असेल, तर ते नाव आत उघडून दिसतं), नोटिफिकेशनचे 120, एंड स्क्रीनचे 50 आणि `Direct or unknown` चे 80. बेरीज बरोबर 860. प्रत्यक्षात बेरीज इतकी काटेकोर जमत नाही, दहा-वीसचा फरक सोडून द्या.

आता दुसरा आठवडा. इम्प्रेशन 50,000 झाले आणि सीटीआर घसरून 2.9 टक्क्यांवर आला. इथे बहुतेक जण घाईने थंबनेल बदलतात. थांबा आणि त्याच तक्त्यात मार्गानुसार सीटीआर पाहा. पहिल्या आठवड्यात सर्चमधून 2,000 इम्प्रेशन आणि 8 टक्के सीटीआर होता, होम वगैरे ब्राउझमधून 10,000 आणि 3.8 टक्के. दुसऱ्या आठवड्यात सर्चचे 4,000 झाले, सीटीआर तोच 8. ब्राउझचे मात्र 46,000 झाले आणि तिथला सीटीआर 2.5 वर आला. म्हणजे मोसंबीची फळगळ शोधणारा माणूस आजही तेवढ्याच उत्सुकतेने क्लिक करतोय. यूट्यूबने व्हिडिओ कापूस-सोयाबीनवाल्यांपुढेही नेला, आणि ज्याच्याकडे मोसंबीची बागच नाही तो कशाला उघडेल? सरासरी खाली आली, पण इम्प्रेशनमधून आलेले व्ह्यूज 540 वरून 1,470 झाले. अशा वेळी थंबनेलला हात लावू नका.

थंबनेल बदलायची वेळ कधी? सर्चसारख्या नेमक्या मार्गातही सीटीआर पडला, आणि तोही हजार-दोन हजार इम्प्रेशनवर, तेव्हा. पन्नास इम्प्रेशनवरचा 20 किंवा 0 टक्के पाहून काही ठरवण्यात अर्थ नाही. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा सीटीआर 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतो, पण नव्या किंवा शंभरपेक्षा कमी व्ह्यूजच्या व्हिडिओत तो कुठेही भरकटतो. आपल्याच जुन्या मोसंबीच्या व्हिडिओशी, त्याच मार्गाची तुलना केलेली बरी.

बदललं तर मथळा आणि थंबनेल एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आठवडाभर थांबा, आणि सीटीआरसोबत `Average view duration` पण पाहा. थंबनेलवर ‘एका फवारणीत फळगळ बंद’ लिहून सीटीआर वाढेल, पण आत तसं काही नसेल तर लोक अर्ध्या मिनिटात निघून जातात आणि ही वेळ खाली येते.

शॉर्ट्सना हा हिशोब लावू नका. शॉर्ट्स फीडमध्ये थंबनेलवर क्लिक होतच नाही, व्हिडिओ आपोआप सुरू होतो. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा चालला की व्ह्यू धरला जातो. तिथे किती जणांनी पाहिला आणि किती जणांनी सरकवून टाकला, हे प्रमाण बघायचं असतं.