जुन्या ब्रँडचं ऑडिट: नवा चेहरा द्यायच्या आधी या चुका टाळा

चार-पाच दशकं एका प्रदेशात विकलं जाणारं उत्पादन असतं. खप घसरायला लागतो, मालकांची पुढची पिढी कारभारात येते आणि पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, "आपला लूक जुना झालाय." मग ब्रँडचं ऑडिट सुरू होतं, म्हणजे काय ठेवायचं आणि काय बदलायचं याची तपासणी. खरं तर निर्णय झालेलाच असतो, ऑडिटवाल्यानं फक्त त्याखाली सही करायची असते. गेली कित्येक वर्षं मी हेच बघतोय, आणि चुकाही ठरलेल्याच असतात. त्यातल्या दोन मोठ्या आहेत, त्यांच्यावर सविस्तर लिहितो. बाकीच्या थोडक्यात.

चूक पहिली: वितरणाचं दुखणं वेष्टनावर ढकलणं

वेदनाशामक मलम बनवणारी एक जुनी कंपनी. तीन वर्षांत खप जवळपास एक तृतीयांशानं खाली आला होता. डिझाइन एजन्सीनं नवं नाव, नवा लोगो, नवी डबी असा पूर्ण रिब्रँडिंगचा प्रस्ताव दिला होता आणि मालकांना तो पसंतही होता. त्या प्रस्तावाच्या देखण्या स्लाइड्समध्ये खपाचा एकच आकडा होता: एकूण.

एकूण खपावरून काहीच कळत नाही. त्याचे दोन तुकडे करावे लागतात: माल किती दुकानांत आहे, आणि जिथे आहे तिथे दुकानामागे किती विकला जातो. हिशोब सोपा राहावा म्हणून इथले आकडे गोल करून सांगतो. तीन वर्षांपूर्वी मलम ८,००० दुकानांत होतं आणि दुकानामागे महिन्याला सरासरी १२ डब्या जात होत्या, म्हणजे ९६,००० डब्या. आता ते ५,५०० दुकानांत होतं आणि सरासरी तीच, १२. म्हणजे ६६,०००. ज्या दुकानात डबी होती, तिथे ती पूर्वीसारखीच विकली जात होती. गेली होती ती दुकानं.

इथे बरेच जण "बघा, ब्रँड ठणठणीत आहे" म्हणून मोकळे होतात. तीही घाईच. माल आधी सुटतो तो कमी विकणाऱ्या दुकानांतून. त्यामुळे उरलेल्या दुकानांची सरासरी खरं तर वाढायला हवी. ती तेवढीच राहिली असेल तर आत काहीतरी झिजतंय. म्हणून मी नेहमी तीच दुकानं दोन्ही वर्षांत तपासतो. आज माल ठेवणारी ही ५,५०० दुकानं तीन वर्षांपूर्वी सरासरी १३ डब्या विकत होती. म्हणजे ३०,००० डब्यांच्या घसरणीपैकी २४,५०० डब्या सुटलेल्या दुकानांच्या होत्या आणि ५,५०० मागणी कमी झाल्यामुळे. सुटलेल्या दुकानांचं काही गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाकडे वळलं असणार, तेव्हा मागणीची खरी झीज याहून थोडी जास्तच धरावी. तरीही दुखणं कुठे आहे याबद्दल शंका उरत नाही.

दुकानं का सुटली? कंपनीनं खर्च वाचवायला मुदतबाह्य माल परत घेणं बंद केलं होतं. हे ऑफिसात कुणीच सांगितलं नाही, कारण तो निर्णय ज्यांनी घेतला तेच ऑडिटच्या बैठकीला बसले होते. माल ठेवणं बंद केलेल्या दुकानदारांना विचारल्यावर पहिल्या दिवशीच कळलं. हळू खपणारी वस्तू परत जाणार नसेल, तर छोटा दुकानदार ती मागवायचीच बंद करतो. त्यात नवी डबी आणली असती तर उरलेल्या दुकानदारांच्या हातात जुन्या डब्यांचा साठा अडकला असता, आणि तोही परत न जाणारा. ज्या कारणानं दुकानं सुटली, तेच कारण एजन्सी दामदुपटीनं वाढवायला निघाली होती.

माझी सवय अशी की ऑडिटची सुरुवात मी माल ठेवणं सोडून दिलेल्या दुकानांपासून करतो. ही यादी वितरकाच्या जुन्या बिलांतून निघते. कंटाळवाणं काम आहे, म्हणून नवशिक्यांना ते नको असतं. त्यांना रंग-चित्रांचे नमुने चिकटवलेला मूडबोर्ड हवा असतो.

चूक दुसरी: "जुनं आवडतं की नवं?" असं विचारणं

हा प्रश्न मला अक्षरशः सहन होत नाही. माणसाच्या पुढ्यात दोन डिझाइन ठेवली की तो परीक्षक होतो, गिऱ्हाईक राहत नाही. दुकानात कुणी दोन डब्यांची तुलना करत उभं राहत नाही. नजर फळीवरून फिरते, ओळखीचं काहीतरी दिसतं, हात जातो. तेव्हा शोधायचं आहे ते हे की नजर नेमकी कशावर अडकते. पसंती नाही, ओळख मोजायची.

पद्धत अवघड नाही. वेष्टनाचे सुटे भाग करा: झाकणाचा रंग, चित्र, अक्षरांचं वळण, किनार, डबीचा आकार. प्रत्येकातून नाव पुसून टाका. मग एकेक भाग दाखवून एवढंच विचारा, "हे बघून कोणती कंपनी आठवते?" पर्याय सुचवू नका. ऑस्ट्रेलियातल्या एहरेनबर्ग-बास इन्स्टिट्यूटनं रुळवलेल्या या पद्धतीत दोन गोष्टी मोजतात. एक, किती जणांना तुमचं नाव आठवलं. दोन, स्पर्धकांसकट जी नावं आली त्यांत तुमच्या नावाचा वाटा किती. पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान असेल, तर ती खूण तुमची नाही, सगळ्या बाजाराची आहे.

मलमाच्या डबीवर संस्थापकांचं छायाचित्र होतं. घरच्यांच्या लेखी ते देवासमान. एजन्सीनंही 'वारसा' म्हणून ते मोठं केलं होतं आणि पिवळं झाकण 'स्वस्त वाटतं' म्हणून पांढरं केलं होतं. चाचणीत छायाचित्र बघून शंभरात बावीस जणांना हे मलम आठवलं. नुसतं पिवळं झाकण बघून चौऱ्याहत्तर जणांना, आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कंपनीचं नाव घेणारे अगदी थोडे. हिरवी किनार बघून पन्नास जणांनी कुठलं ना कुठलं नाव सांगितलं, पण त्यातले निम्मे स्पर्धकांची नावं घेत होते. थोडक्यात, एजन्सीनं कमाईचा ऐवज टाकून दिला होता आणि देव्हाऱ्यातली तसबीर मोठी केली होती.

अशी चूक फक्त छोट्या कंपन्या करतात असं समजू नका. ट्रॉपिकानानं २००९च्या जानेवारीत अमेरिकेत आपल्या रसाच्या खोक्यावरचं संत्र्यात खुपसलेल्या स्ट्रॉचं चित्र काढून टाकलं. त्या जागी रसाचा पेला आला, अक्षरं बदलली. दोन महिन्यांच्या आत खप सुमारे २० टक्क्यांनी पडला आणि फेब्रुवारीतच जुनं खोकं परत आणण्याची घोषणा करावी लागली. आतला रस तोच होता.

चाचणी कोणावर घेता हेही महत्त्वाचं आहे. फक्त निष्ठावान गिऱ्हाइकं घेतलीत तर त्यांना सगळंच आठवतं. त्या प्रकारची वस्तू घेणारा कोणीही, मग तो तुमची घेवो वा दुसऱ्याची, असा नमुना हवा. आणि प्रादेशिक ब्रँडच्या बाबतीत मजबूत भाग आणि कमजोर भाग यांचे आकडे कधीही एकत्र करू नका. एकीकडे चौऱ्याहत्तर, दुसरीकडे सहा, सरासरी चाळीस. हा चाळीस कुठल्याच गावात राहत नाही. जिथे तुम्हाला कोणी ओळखतच नाही तिथे जुनंच रूप थोडं ताजं करायचं की पूर्ण रिब्रँडिंग, हा वादच गैरलागू आहे, तिथे नुसती सुरुवात करायची असते. तरीही एजन्सीचा गट-चर्चेचा नमुना हटकून त्या मोठ्या शहरातला असतो जिथे माल धड मिळत नाही, कारण एजन्सीचं ऑफिस तिथे असतं.

मग पूर्ण रिब्रँडिंग कधी?

आठवणच अडथळा झाली असेल तेव्हा. नाव कायद्याच्या कचाट्यात सापडलंय, नावाला चिकटलेला अर्थ आता समर्थनीय नाही, किंवा नाव ज्या वस्तूचं आहे ती वस्तूच आता तुम्ही विकत नाही. अमेरिकेत पॅनकेकच्या तयार पिठाचं 'आंट जेमायमा' हे शतकाहून जुनं नाव त्यामागच्या वांशिक प्रतिमेमुळे २०२१मध्ये बदललं गेलं. तिथे नुसती अक्षरं सुबक करून भागणार नव्हतं. पण 'जुनाट दिसतं', 'तरुणांना आवडत नाही', 'नव्या संचालकांना कंटाळा आला' ही कारणं या यादीत बसत नाहीत. तरुण घेत नाहीत म्हणता, तर आधी हे शोधा की त्यांना ते माहीत नाही, की माहीत असून नको आहे. पहिल्याला वितरण आणि जाहिरात लागते. दुसऱ्यालाही बऱ्याचदा नवी डबी नव्हे, नवं रूप पुरतं: मलम असेल तर रोल-ऑन किंवा ट्यूब.

मधला रस्ताही असतो. ब्रिटनच्या लायल्स गोल्डन सिरपनं २०२४मध्ये सिंहाचं नवं चिन्ह आणलं, पण जुना हिरवा-सोनेरी डबा तसाच ठेवला. नवं चिन्ह इतर पॅकवर गेलं. बातम्यांत ओरड झाली ती मुख्यतः डबाच गेला या समजुतीनं, यावरून तो डबा किती मोलाचा आहे ते कळतं.

बाकीच्या, थोडक्यात

डिझाइन संगणकाच्या पडद्यावर मोठं करून मंजूर करू नका. खरी डबी स्पर्धकांच्या डब्यांमध्ये ठेवा, चार पावलं मागे जा, तीन सेकंदांत सापडते का बघा.

वेष्टन, किंमत, वजन आणि घटक एकाच वेळी बदलू नका. खप हलला तर कशामुळे हलला ते तुम्हाला कधीच कळणार नाही. शिवाय वजन कमी करून नवी डबी आणली की लोक नवी डबी म्हणजे फसवणूक असंच धरतात, आणि त्यांचं चुकत नाही.

जुनं चिन्ह वापरातून काढण्याआधी ट्रेडमार्कच्या वकिलाशी बोला. न वापरलेल्या चिन्हाचा हक्क काही वर्षांनी धोक्यात येतो: युरोपीय संघात सलग पाच वर्षांनी नोंदणी रद्द होऊ शकते, अमेरिकेत तीन वर्षांनी ते सोडून दिलं असं गृहीत धरलं जातं. तुम्ही टाकलेलं नाव उचलायला कोणी ना कोणी टपलेलं असतं.

आणि जुना-नवा माल एकाच फळीवर महिनोन्महिने दिसू देऊ नका, गिऱ्हाईक एकाला नकली समजतं. मलमाच्या वेळी आम्ही आधी मुदतबाह्य माल परत घेणं पुन्हा सुरू केलं आणि दुकानं परत येऊ दिली. झाकण तसंच पिवळं ठेवलं, अक्षरं ठसठशीत केली, हिरवी किनार काढली. संस्थापकांचं छायाचित्र डबीच्या मागच्या बाजूला गेलं, आणि त्या एका बदलावर घरच्यांशी जितकी चर्चा झाली तितकी बाकी सगळ्यांवर मिळून झाली नाही. नव्या डब्या आधी एकाच वितरकाच्या हद्दीत सोडल्या, शेजारची हद्द जुन्याच डब्यांवर ठेवली, आणि दोन्हीकडच्या त्याच दुकानांचा खप दर महिन्याला शेजारी शेजारी मांडत गेलो.