विजेच्या कडकडाटात मोडेम आणि टीव्हीचा पोर्ट गेला? या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे बोर्डावरचं बटण बंद केलं की झालं, असं मानणं. आपल्याकडचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलंच राहतं, आणि गच्चीवरून आलेल्या केबलला तर बटणच नसतं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये ऐरोलीच्या एका काकूंकडे हेच झालं. विजा सुरू होताच त्यांनी सगळी बटणं बंद केली होती. सकाळी सेट टॉप बॉक्स मेलेला, टीव्हीवर ‘No Signal’, आणि मोडेमच्या एका पोर्टात वायरने जोडलेलं काहीच चालेना. त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिकने टीव्ही न उघडताच बोर्ड बदलायला सांगितलं होतं. या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण काय जळलं आणि काय वाचलं यावरूनच वाट कळते.

मी गेल्यावर आधी शाबूत राहिलेल्या गोष्टी पाहिल्या. मोडेमचा अॅडॉप्टर १२ व्होल्ट देत होता, फायबरची लाइन दाखवणारा PON चा दिवा हिरवा होता, वाय-फाय चालू होतं. म्हणजे झटका मेन्समधून आल्याची शक्यता कमी. इंटरनेटची लाइन फायबरची, आणि काचेतून वीज येत नाही. मोडेमचा फक्त LAN 1 गेला होता, टीव्हीचा फक्त HDMI 1. दोन्हींत वायर एकाच डब्याची, सेट टॉप बॉक्सची. डबा उघडला तर डिशची केबल लागते तिथेच काळा डाग. गच्चीवर डिशपुढे सिग्नल पकडणारा एलएनबीही मेलेला.

डिशवर थेट वीज पडली असती तर एवढ्यावर भागलं नसतं. जवळपास कुठेतरी पडली असावी आणि लांब केबलमध्ये दाब चढला. तो डब्यात शिरला आणि तिथून दोन वाटांनी निघाला. एचडीएमआयच्या तारा जवळपास थेट चिपपर्यंत जातात, म्हणून तो पोर्ट पटकन मरतो. लॅन पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तरी मोठ्या झटक्यापुढे तोही टिकत नाही.

टीव्ही HDMI 2 वर लावला, चालला. बोर्डाचा खर्च वाचला.

नवा डबा जळक्या पोर्टात लावून बघू नका, आतला शॉर्ट त्यालाही मारू शकतो. जुन्या एलएनबीवरही लावू नका. मोडेमची रीसेटची पिन दाबत बसण्यात अर्थ नाही, जळलेला पोर्ट रीसेटने जिवंत होत नाही.

स्पाइक गार्डवर विसंबणं ही माझ्या लेखी सर्वांत महागडी चूक. काकूंकडे चांगला होता, पण तो पहारा देत होता प्लगवर आणि झटका आला डिशच्या केबलने. मी केबल घरात शिरते तिथे अर्थिंग ब्लॉक बसवतो आणि त्याची जाड तार इमारतीच्या अर्थिंगलाच जोडतो, नळाच्या पाइपला नाही. आभाळ भरून येताच प्लगबरोबर डिशची केबलही डब्यामागून काढून ठेवतो. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हात लावत नाही.