दुसऱ्या फेरीनंतर उमेदवार फोनच उचलत नाहीत: माझा अनुभव

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअरसाठी तीन फेऱ्या होतात. दुसरी फेरी चांगली झालेले उमेदवार तिसरीला बोलावताना फोन घेत नसत. सहा महिने हेच चाललं, जीव मेटाकुटीला आला.

आधी ऑटोमॅटिक ईमेल लावला, पण तो कुणी उघडत नसे. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. त्यात सगळ्यांचे नंबर एकमेकांना दिसले. ती चूकच होती.

खरं कारण मुलाखतींची नोंद ठेवायच्या शीटमध्ये सापडलं. मुलाखत घेणारे अभिप्राय द्यायला नऊ-दहा दिवस लावत आणि तोवर आम्ही गप्प.

मग आधी अभिप्रायाला २४ तासांची मुदत घातली. तो आल्याशिवाय मुलाखत घेणाऱ्या त्या साहेबांकडे पुढची मुलाखत लावायची नाही. नंतर शीटमध्ये ‘पुढचा निरोप कधी’ हा रकाना वाढवला. मुलाखत संपताच ती तारीख उमेदवाराला तोंडी सांगायची आणि लगेच मेसेजही करायचा. त्या दिवशी निर्णय झाला नसला तरी फोन करायचा: “अजून ठरलं नाही, गुरुवारी कळवतो.” नकारही फोनवरच, कारणासह.

तारीख मात्र दोनदाच पुढे ढकलता येते. तिसऱ्यांदा सांगितली की उमेदवार विश्वास ठेवत नाही.