व्हॉलीबॉलमध्ये लिबेरोच्या या चुका टाळा: सेट मस्त, स्मॅश मस्त, तरी पॉइंट समोरच्यांना का?

सीन असा असतो बघा. स्कोअर २३-२२, समोरून स्मॅश येतो, आपला सेटर बॅकमधून पळत येऊन तो डिग करतो, म्हणजे खालून उचलतो. म्हणजे पहिला टच त्याचाच गेला, आता दुसरा बॉल त्याला घेता येत नाही. मग लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या रांगेत खेळणारा डिफेन्सवाला, पुढे धावतो, ३ मीटर लाईनवर उभं राहून बोटांनी झकास उंच सेट देतो आणि आउटसाइडवाला उडी मारून तो खाली आपटतो. बॉल कोर्टात पडतो, टीम नाचायला लागते आणि रेफरी शिट्टी वाजवून पॉइंट समोरच्यांना देतो. मग सगळे रेफरीवर तुटून पडतात, पण रेफरी शंभर टक्के बरोबर असतो.

नियम असा की लिबेरोने फ्रंट झोनमधून, म्हणजे नेट ते ३ मीटर लाईन या भागातून, वरच्या हाताने, म्हणजे बोटांनी, बॉल दिला तर पुढच्या प्लेअरने तो बॉल पूर्ण नेटच्या वर असताना मारून पलीकडे पाठवायचा नाही. इथे तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात: बोटांनी पास, लिबेरोचा पाय फ्रंट झोनमध्ये, आणि मारताना बॉल अख्खा नेटच्या वर. यातली एक जरी नसेल तरी फॉल्ट नाही. आणि लक्षात घ्या, लिबेरोचा सेट स्वतः फॉल्ट नसतो, फॉल्ट होतो त्या अटॅकने. म्हणून शिट्टी सेटला नाही, स्मॅशनंतर वाजते आणि लोकांना वाटतं की अटॅकरचा हात नेटला लागला.

सगळ्यात जास्त घोळ लाईनवरच होतो, कारण पुष्कळ जणांना वाटतं लाईनवर पाय म्हणजे मागेच आहे. तसं नाही, ती लाईन फ्रंट झोनचाच भाग आहे, नुसता अंगठा टेकला तरी तुम्ही पुढे. साइडलाईनच्या बाहेर गेलात तरी सुटका नाही, फ्रंट झोन बाहेरसुद्धा तसाच पुढे चालू धरतात.

मग करायचं काय? सोपा उपाय म्हणजे पुढे असाल तर अंडरहँड द्या. कोपराखालच्या हातांवरून दिलेला बॉल कुठूनही चालतो आणि अटॅकर बिनधास्त मारू शकतो. दुसरा उपाय जरा प्रॅक्टिसचा आहे, लाईनच्या मागून टेकऑफ घ्यायचा आणि हवेत असतानाच बोटांनी सेट द्यायचा, कारण शेवटचा पाय जमिनीवर कुठे होता ते बघतात, तुम्ही नंतर खाली कुठे उतरता त्याने फरक पडत नाही. आणि चुकून पुढून बोटांनी दिलाच तर लिबेरोने लगेच ओरडायचं, "मारू नको!" मग अटॅकरने बॉल नेटच्या खाली येऊ द्यायचा आणि अंडरहँडने पलीकडे टाकायचा, पॉइंट मिळेलच असं नाही पण हातचा तरी जात नाही. हे ओरडणं प्रॅक्टिसमध्ये ठरवून ठेवा, मॅचमध्ये आपोआप सुचत नाही.

लिबेरोच्या स्वतःच्या अटॅकचं तर आणखी कडक आहे. बॉल पूर्ण नेटच्या वर असेल तर लिबेरोने तो कुठूनही पलीकडे मारायचा नाही, अगदी एंडलाईनच्या मागून पण नाही. ३ मीटर लाईनच्या मागून उडी घेऊन मारायची, म्हणजे बॅक रो अटॅकची सवलत बाकीच्या बॅकवाल्यांना आहे, त्याला नाही. बॉल खाली असेल तर मात्र तो पलीकडे देऊ शकतो, म्हणून लिबेरोने बॉल पाठवला की उगाच अपील करत बसू नका. ब्लॉक तर नाहीच, आणि नुसता प्रयत्न केला, बॉलला हात लागला नाही तरी फॉल्ट.

सर्व्हिसवर भांडणं होतात ती व्हिडिओंमुळे. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजच्या मॅचेसमध्ये लिबेरो एका रोटेशनला सर्व्ह करतो, ते बघून आपल्याकडचे म्हणतात चालतं की! ते तिथले नियम आहेत. आंतरराष्ट्रीय म्हणजे एफआयव्हीबीच्या नियमांत लिबेरो सर्व्ह करूच शकत नाही, त्यामुळे टूर्नामेंट कुठल्या नियमांनी आहे ते आधी विचारा.

लिबेरो साधारण मिडलवाल्याच्या, म्हणजे मधल्या ब्लॉकरच्या जागी येतो, तर मिडल १ नंबरवर, म्हणजे मागे उजवीकडे सर्व्हच्या जागी आला की सर्व्ह त्यानेच करायची. त्याची सर्व्ह गेली की मग लिबेरो आत, आणि मागच्या डावीकडच्या ५ वरून पुढच्या रांगेतल्या ४ वर रोटेट व्हायची वेळ आली की लिबेरो बाहेर, तोच मिडल परत आत. हे आत-बाहेर कितीही वेळा करा, फक्त दोन बदलांच्या मध्ये एक पूर्ण रॅली झालेली पाहिजे, आणि ये-जा बेंचसमोरून, ३ मीटर लाईन आणि एंडलाईनच्या मधल्या भागातून, सर्व्हिसची शिट्टी वाजायच्या आत.