प्रीपेमेंटच्या कॅल्क्युलेटरमधला ‘वाचलेलं व्याज’ हा आकडा कसा वाचावा

कर्जाचं प्रीपेमेंट, म्हणजे हप्त्याशिवाय मुद्दलात जादा रक्कम भरणं, किती फायद्याचं ते सांगणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये आधी हे तीन आकडे बघा: आज शिल्लक असलेलं मुद्दल, उरलेले महिने आणि सध्याचा व्याजदर. पुष्कळदा तिथे मूळ कर्जाची रक्कमच भरलेली असते. प्रीपेमेंट शून्य ठेवून येणारा हप्ता तुमच्या खऱ्या हप्त्याशी जुळला नाही, तर पुढचं सगळं व्यर्थ.

समजा, ३० लाख शिल्लक, १८० महिने, दर ८.५ टक्के, हप्ता साधारण २९,५४०. आज ३ लाख भरले. हप्ता तोच ठेवला, तर कर्ज १४८ महिन्यांत फिटतं आणि सुमारे साडेसहा लाख व्याज वाचतं. मुदत तीच ठेवली, तर हप्ता २६,५९० वर येतो, पण व्याज वाचतं फक्त २.३ लाख.

पहिला पर्याय सरळ सरस वाटतो ना? पण त्यातली जादा बचत त्या ३ लाखांची नाही. दरमहा साधारण २,९५० जास्त भरत राहिल्यामुळे ती होते. दुसऱ्या पर्यायात हेच पैसे हाताशी राहतात. ते दर महिन्याला पुन्हा मुद्दलात भरले, तर कर्ज जवळजवळ तेवढ्याच महिन्यांत संपतं. म्हणून उत्पन्न अनियमित असेल, तर मी हप्ता कमी करून घेईन. मात्र छोट्या रकमा भरता येतात का आणि शुल्क लागतं का, हे कर्जाच्या करारात बघून घ्या. हाती आलेले पैसे खर्चच होणार असतील, तर मुदत कमी करणं बरं.